खुणेला आलेलं पाणी

फरीदाबादच्या आमच्या घरात जिथे जिथे काही कमी-जास्त होऊ शकतं, तिथे तिथे लाल मेणखडूची एक रेघ आहे. तांदळाच्या डब्याला आतून, पाण्याच्या पिंपाला बाहेरून, आईच्या खोबरेल तेलाच्या बाटलीला, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. ते घर मी अजून विकलेलं नाही. एजंट दर वेळी म्हणतो, "मॅडम, पुताई करवा लो, निशान चले जाएँगे." मी रंग काढून घेत नाही. या रेघा माझ्यामुळे आल्या. कशा आल्या ते एकदा सरळ सांगून टाकते, म्हणजे मनावरचं ओझं थोडं तरी हलकं होईल.

बाबा केंद्र सरकारच्या पाणी मोजणाऱ्या खात्यात होते. यमुनेवरच्या एका जुन्या पुलाच्या खांबाला मीटर-सेंटीमीटरची पांढरी पट्टी ठोकलेली असायची. पाणी त्या पट्टीवर कुठे टेकलंय ते वाचायचं आणि नोंदवहीत लिहायचं. पुराच्या दिवसांत तासातासाला, एरवी दिवसातून तीनदा. नोकरीची तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलं. आई म्हणायची, "या माणसाने माझ्याकडे जेवढं पाहिलं नाही तेवढं त्या खांबाकडे पाहिलंय." आई शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचे टोमणेही व्याकरणशुद्ध असायचे.

त्या नोकरीचे दोन नियम बाबांनी आमच्या घरातही लावले होते. पहिला असा, की लिहिलेला आकडा खोडरबराने खोडायचा नाही. चूक सापडली तर त्यावर एकच लाल रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, चूक कुणाची ते शेऱ्यात लिहायचं आणि बाजूला सही करायची. माझ्या गणिताच्या वह्या अशा लाल रेघांनी भरलेल्या असत, आणि सातवीतल्या मुलीची सही बघून बाई हसत. दुसरा नियम असा, की वरच्या पुलावरचं पाणी आणि खालच्या पुलावरचं पाणी यांचा मेळ बसला नाही तर मधे कुणीतरी पाणी उचलतंय. पंप असेल, चोरून काढलेला पाट असेल, पण कुणीतरी आहेच. बाबा म्हणायचे, पाणी आपोआप नाहीसं होत नसतं.

मी मात्र पाण्याच्या नाही, पैशाच्या पातळ्या मोजायला गेले. गुडगावात, तेव्हा त्याला गुडगावच म्हणत, काचेच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. श्रीमंत लोकांचे पैसे शेअरबाजारात लावून देणारी कंपनी. माझं काम होतं महिन्याच्या अहवालातले तक्ते बनवणं. त्यातला सगळ्यात नावडता तक्ता म्हणजे ड्रॉडाउनचा: गुंतवणूक आपल्या सर्वांत उंच पातळीपासून किती खाली आली, आणि तिथे परत पोचायला किती वाढ लागेल. माझ्या टेबलावर त्याचं एक छोटं कार्ड चिकटवलेलं होतं. दहा टक्के पडलं तर परत यायला अकराच्या थोडं वर लागतात. वीस पडलं तर पंचवीस. पन्नास पडलं तर शंभर. नव्वद पडलं तर नऊशे. ते कार्ड मला पाढ्यासारखं पाठ होतं. नवीन आलेल्या पोरांना मीच ते समजावून सांगायचे, आणि त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं की मला गंमत वाटायची. आता वाटत नाही.

आई गेली तेव्हा शाळेकडून तिच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून बारा लाख रुपये आले. बाबांनी चेककडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझं खातं आहे ते," म्हणाले. "तू लाव कुठे लावायचे ते. कागद माझ्याकडे पाठवू नकोस. शनिवारी फोनवर आकडा सांगत जा, बस." पैसे कशासाठी ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आई वाईची. कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्या घ्यायच्या आणि म्हातारपणी तिथे राहायचं, असं ती जन्मभर म्हणत आली होती. ती गेल्यावर बाबा म्हणू लागले. नदीजवळ राहायचं होतं त्यांना, आणि या वेळी न मोजता.

मी ते बारा लाख शेअरच्या फंडांत लावले. लावले तेव्हा बाजार अगदी शिखरावर होता, हे मला नंतर कळलं. शिखर नेहमी नंतरच कळतं.

सुरुवातीला शनिवारी संध्याकाळी मी रुपये सांगायचे. मग बाजार पडायला लागला. अकरा लाख सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "अच्छा." दहा लाख सांगितले तेव्हा काहीच म्हणाले नाहीत, पण फोन ठेवायला त्यांना फार वेळ लागला. मला त्या शांततेची भीती वाटली. पुढच्या शनिवारपासून मी रुपये सांगणं बंद केलं आणि टक्के सांगायला लागले. "वरून पंचवीस टक्के खाली आहे, बाबा." "वरून चाळीस." टक्क्याला रुपयासारखा चेहरा नसतो, त्यामुळे सांगायला सोपा जातो. आमच्या ऑफिसातही तेच चाललं होतं.

बरोबर पन्नासला घसरण थांबली. बारातले सहा उरले होते. मी बाबांना "पन्नास" एवढंच सांगितलं, आणि पलीकडे पेनाने वहीत काहीतरी लिहिल्याचा खरखर आवाज ऐकू आला. तेव्हा मला कळलं की बाबा नोंद ठेवताहेत.

मग बाजार वर यायला लागला, आणि इथे मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. आमच्या साहेबांनी सांगितलं होतं की आता अहवालात 'शिखरापासून किती खाली' असं लिहायचं नाही. 'तळापासून किती वर' लिहायचं. लोकांना बरं वाटतं. खोटं त्यात काहीच नव्हतं, फक्त मोजायची जागा बदलली होती. हे मी ऑफिसात शिकले आणि घरी वापरलं. शनिवारी फोन करून म्हणायचे, "बाबा, खालून दहा टक्के वर." "खालून तीस." बाबांचा आवाज सुधारत गेला. एकदा तर ते फोनवर हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी म्हटलं, "आज खालून पन्नास टक्के झाले."

बाबा म्हणाले, "म्हणजे खुणेला आलं."

मी म्हटलं, "कसली खूण?"

"अगं, पन्नास उतरलं होतं, पन्नास चढलं. पाणी होतं तिथे आलं." त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतका हलका झाला होता. "मी गेल्या आठवड्यात वाईच्या त्या खोल्यांना पन्नास हजार टोकन देऊन टाकलं. पेन्शनमधून. बाकीचे तीन महिन्यांत द्यायचेत. सोमवारी बारा काढून दे."

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. धुक्यात समोरचा टॉवर मधूनच कापल्यासारखा दिसत होता, खालचे मजले होते आणि वरचे नव्हते. खात्यात नऊ लाख होते. सहा लाखांवर पन्नास टक्के म्हणजे तीन लाख. सहा आणि तीन नऊ. मी कार्ड न बघता नवख्या पोरांना हे सांगत असे. बाबांना मी फक्त म्हटलं, "बाबा, थोडे कमी पडतील. बघून सांगते." आणि फोन ठेवून दिला.

भ्यायले मी, दुसरं काय. दोन दिवसांनी खात्याचा कागद कुरियरने फरीदाबादला पाठवून दिला, त्यावर नऊ लाख लिहिलेले, सोबत एक ओळसुद्धा नाही. त्यांनीच नको म्हटलेला कागद मी त्यांना पाठवला, कारण स्वतःच्या तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. पुढच्या शनिवारी बाबांनी फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मंगळवारी त्यांच्या शेजारच्या पंजाबी काकूंचा फोन आला. त्या जरा दबक्या आवाजात बोलत होत्या.

"बेटा, एक बार आ जाओ. भाई साहब ठीक हैं, खाते-पीते हैं. पर कल हमारी टंकी पर चढ़के लाल निशान लगा रहे थे. मैंने पूछा तो बोले, ऊपर से कोई पानी उठा रहा है."

मी रविवारी निघाले. गुडगावहून फरीदाबादला जाणारा रस्ता डोंगरातून जातो. बाभळीची झुडपं, मधेच एखादा ढाबा, आणि दोन्ही बाजूंना सोडून दिलेल्या दगडाच्या खाणी. त्या खाणींत पाणी साठलंय, हिरवं-निळं, तळ न दिसणारं. दुपारचे बारा वाजले होते तरी धुकं उठलं नव्हतं आणि टॅक्सीवाल्याने दिवे लावले होते. एका वळणावर धुकं क्षणभर फाटलं आणि खाली ते पाणी दिसलं. काठाच्या खडकावर, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर, जुन्या पातळीचा पांढरा पट्टा होता. लहानपणी बाबा मला असे पट्टे दाखवायचे. "पाणी गेलं तरी आपली खूण ठेवून जातं," म्हणायचे. मला तेव्हा हे छान वाटायचं. त्या दिवशी मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे सरकले.

दार बाबांनीच उघडलं. दाढी केलेली, स्वेटर इस्त्री केलेला. "ये," म्हणाले, आणि बाजूला झाले. वेडा झालेला माणूस दिसेल म्हणून मी घाबरत आले होते, आणि समोर नेहमीचे बाबा होते. मग मी आत पाहिलं.

सगळीकडे रेघा होत्या. पिंपाला एकाखाली एक सहा. तांदळाचा डबा उघडला, आत रेघ. साखरेची बरणी, औषधाची बाटली, कॅलेंडरच्या खिळ्याखालची भिंत, टीव्हीच्या काचेवर धूळ कुठवर आली त्याची रेघ. प्रत्येकीशेजारी त्यांचं ते सुबक बारीक अक्षर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर माणसाच्या उंचीला दोन रेघा होत्या, एक वर, एक तिच्या किंचित खाली.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझं. निवृत्त झालो तेव्हा तुझ्या आईने मापून ठेवली होती वरची, गंमत म्हणून. खालची परवाची." बाबा शांतपणे म्हणाले. "मीही उतरतोय."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीच्या पायालाही रेघ होती, म्हणून उभीच राहिले.

त्यांनी मला कपाटाजवळ नेलं. आईच्या फोटोसमोर तिची खोबरेल तेलाची काचेची बाटली होती. आई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. बाबांनी बोटाने दाखवलं. काचेवर तेलाने ठेवलेल्या जुन्या डागावर त्यांची लाल रेघ होती आणि गोठलेलं पांढरं तेल तिच्या बोटभर खाली.

"झाकण घट्ट आहे," बाबा म्हणाले. "या घरात मी एकटा राहतो, आणि मी ते तेल लावत नाही. सांग, कोण उचलतंय?"

मला उत्तर ठाऊक होतं. खोबरेल थंडीत गोठलं की आक्रसतं, शाळेतलं विज्ञान आहे ते. तरी त्या क्षणी, त्या धुरकट दुपारी, आईच्या फोटोसमोर उभं राहून मला ते बोलता येईना. माझी नजर फोटोतल्या तिच्या केसांवर गेली. चापून चोपून बसवलेले, तेल लावलेले केस. मी नजर काढून घेतली.

बाबांनी वही आणली. खात्याची हिरवी नोंदवही, निवृत्त होताना आणलेली. डाव्या रकान्यात 'उतार', उजव्या रकान्यात 'चढ'. प्रत्येक शनिवार. उताराच्या रकान्यात शेवटी पन्नास. चढाच्या रकान्यात शेवटी पन्नास. खाली दुहेरी रेघ आणि 'पातळी पूर्ववत'. तिच्याखाली मी कुरियरने पाठवलेला कागद गोंदाने चिकटवलेला.

"वरच्या पुलावर बारा, खालच्या पुलावर नऊ," बाबा म्हणाले. "मधे तीन लाख गेले. मी तेहतीस वर्षं हे काम केलंय. पाणी आपोआप जात नाही." माझ्याकडे बघितलं नाही, वहीकडे बघत म्हणाले, "तू घेतलेस का, बाळ? घेतले असशील तर सांग. मी रागावणार नाही. बिल्कुल नाही."

मी रागीट आहे, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. पण त्या वेळी राग आला नाही. मला कळलं की ही सगळी रेघांची घरभर शोधाशोध मला वाचवण्यासाठी होती. दुसरा कुणी चोर सापडला तर मुलगी चोर ठरणार नाही. म्हणून तांदूळ, म्हणून पिंप, म्हणून शेजारच्यांची टाकी. आणि मी तीन आठवडे घाबरून घरी बसले होते.

"मी नाही घेतले," मी म्हटलं. "कुणीच नाही घेतले. मेणखडू द्या."

बैठकीच्या भिंतीवर मी जमिनीपासून उभी रेघ ओढली आणि तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या वितीवर बारा खुणा केल्या. "हे बारा लाख. पन्नास टक्के उतरलं. किती उरले?"

"सहा."

"आता पन्नास टक्के चढलं. पण कशाचे पन्नास टक्के? बाराचे नाही बाबा. आता खाली सहाच आहेत, म्हणून सहाचे. सहाचे निम्मे तीन." मी सहाव्या खुणेपासून तीन खुणा वर गेले आणि नवावर थांबले. "इथे आलं. मी 'उतरलं' सांगत होते ते बाराच्या पट्टीने आणि 'चढलं' सांगत होते ते सहाच्या पट्टीने. तुमच्या पुलावरची पट्टी लोखंडाची होती. एक मीटर उतरलं, एक मीटर चढलं की त्याच जागी. टक्क्याची पट्टी तशी नसते. निम्म्यावरून परत यायला निम्मं चढून भागत नाही, दुप्पट व्हावं लागतं. शंभर टक्के."

बाबा भिंतीजवळ आले. नवाच्या खुणेवर बोट ठेवून तिथून बारापर्यंत हळूहळू नेलं. तीन खुणा. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे पाणी उतरलं की पट्टीसुद्धा आखडते," ते म्हणाले.

"हो."

"उतरताना मोठा मीटर आणि चढताना छोटा."

"हो, बाबा."

"अशी पट्टी मी जन्मात पाहिली नाही." हे ते इतक्या हळू म्हणाले की मला नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकावं लागलं. त्या लाल उभ्या रेघेकडे ते एखाद्या जिवंत जनावराकडे बघावं तसे बघत होते. "आता या तिनासाठी किती टक्के लागतील? पंचवीस कमी आहे, म्हणजे पंचवीस?"

"नवावर तेहतीस."

"आणि किती दिवस?"

याचं उत्तर माझ्या कार्डावर नव्हतं. कुणाच्याच कार्डावर नसतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तू घेतले असतेस तर बरं झालं असतं. घेतलेलं परत देता येतं."

आणि मग मात्र मला राग आला. नको तेव्हा, नको त्या माणसावर. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य होतं, "तुमचा अजूनही विश्वास नाही ना माझ्यावर?" बाबांनी माझ्यासाठी मटकीची उसळ करून ठेवली होती. ती मी तशीच टाकून आले.

टोकन बुडालं. वाईच्या खोल्या दुसऱ्या कुणी घेतल्या. त्याबद्दल बाबा नंतर कधीच बोलले नाहीत, आणि त्या दुपारबद्दलही नाही. शनिवारचा फोन परत सुरू झाला. मी आता फक्त रुपये सांगायचे. "नऊ लाख साठ हजार." "अच्छा." "दहा लाख." "अच्छा." त्या 'अच्छा'च्या मागे काय आहे, ते मला पोरगी मानतात की पाणी उचलणारी, हे मला कधी कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. आधी मी त्यांच्यापासून आकडा लपवला होता, आता ते माझ्यापासून काहीतरी लपवत होते, असं मला वाटायचं. आमची शेवटची दोन वर्षं अशी गेली.

पुढच्याच्या पुढच्या डिसेंबरात बाबा झोपेत गेले. त्या आठवड्यात खात्यात अकरा लाख चाळीस हजार होते. खुणेला यायला पाच टक्क्यांहून थोडे जास्त हवे होते.

खुणेला आलं ते मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी. स्क्रीनवर बारा लाखांच्या पुढे आकडा गेला. माझ्या हाताने डोक्याला न विचारता फरीदाबादचा नंबर लावला. लँडलाइन मी अजून बंद केली नव्हती. रिंग वाजत राहिली. त्या बंद घरात, रेघांच्या मधोमध, ती वाजताना मला दिसत होती. सात-आठ वेळा वाजल्यावर मला अशी खात्री वाटायला लागली की आता कुणीतरी उचलेल आणि 'अच्छा' म्हणेल. मी घाईने फोन ठेवून दिला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

रविवारी गेले. घरात कोंडलेली गरम हवा होती. भिंतीवर माझ्या हातच्या बारा खुणा तशाच. कपाट उघडलं. आईच्या बाटलीतलं तेल उन्हाळ्याने वितळून पाण्यासारखं झालं होतं आणि बरोबर लाल रेघेवर उभं होतं. ना वर, ना खाली. मी बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. सहा महिने त्या घरात कुणी नव्हतं. तेल आपोआप गेलं होतं आणि आपोआप परत आलं होतं, एका थेंबाचाही फरक नाही.

बाटलीच्या मागे हिरवी वही होती. बाबांच्या पश्चात ती मी उघडली नव्हती. त्या दुपारचं पान काढलं. चढाच्या रकान्यातल्या एकूण एक आकड्यावर एकेक लाल रेघ मारलेली, वर बारीक अक्षरात बरोबर आकडा, बाजूला सही. अठ्ठावीस सह्या. 'पातळी पूर्ववत'वरही रेघ. पुढच्या पानांवर त्यांनी नवा रकाना आखला होता, 'अजून किती'. नऊ लाखांसमोर तेहतीस. नऊ साठसमोर पंचवीस. दहासमोर वीस. दर शनिवारी, माझा फोन ठेवल्यावर, त्यांनी ती आखडणारी पट्टी स्वतः वाचली होती, आणि ते एकदाही चुकले नव्हते. शेवटची नोंद अकरा चाळीस, समोर सव्वापाच.

मग मी परत मागे त्या दुपारच्या पानावर आले, कारण तळाशी शेऱ्याचा रकाना होता आणि तो मी वाचला नव्हता. तारीख त्याच रविवारची. मी उसळ टाकून गेले तो रविवार. संध्याकाळची वेळ, म्हणजे माझी टॅक्सी डोंगरातून परत जात असेल तेव्हा त्यांनी हे लिहिलं असणार. सरकारी भाषेत, तीन वाक्यं.

'मधे कोणीही पाणी उचललेले नाही. वाचनात चूक झाली. चूक निरीक्षकाची.'

आणि खाली त्यांची सही.

निरीक्षक म्हणजे ते स्वतः. त्यांचा माझ्यावर विश्वास त्याच संध्याकाळी परत आला होता, आणि चूक त्यांनी आपल्या नावावर घेऊन टाकली होती. मला ते दोन वर्षं माहीत नव्हतं. मी रडले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "बेटा, सब ठीक है?"

कपाटात मेणखडू होता. शेऱ्यातल्या 'निरीक्षकाची' या शब्दावर मी एकच लाल रेघ मारली. वर लिहिलं, 'मुलीची'. आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली.